आईला सीआरटी सुचवली, मामांना का नाही?

*डॉक्टर, माझी आई 61 वर्षांची आहे. दीड वर्षापासून धाप लागते, आता एक जिना चढतानाही मध्ये थांबावं लागतं. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली. इकोमध्ये ईएफ 26 टक्के होता. ईसीजीवर एलबीबीबी आणि क्यूआरएस 164 असं आहे. पाच महिने सगळ्या गोळ्या नियमित घेतल्या, परत इको केला तर ईएफ 28. डॉक्टर म्हणतात, सीआरटी म्हणजे तीन तारांचा पेसमेकर बसवून घ्या. माझ्या मामांचाही ईएफ 28 च आहे. त्यांना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला होता. क्यूआरएस 104. त्यांना त्याच डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला याचा उपयोग नाही. दोघांचं हृदय सारखंच कमजोर, मग एकाला यंत्र आणि दुसऱ्याला नाही, असं का? घरात यावरून दोन तट पडलेत. आईचं करावं का? आणि केल्यावर गोळ्या बंद होतील का?*
*– एक वाचक, सातारा*

ताई, तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मला वाटतं की तुमच्या डॉक्टरांनी दोघांनाही योग्य तेच सांगितलं आहे. आईला हे यंत्र जरूर बसवून घ्यावं. मामांना बसवलं तर खर्च आणि जखम तर होईलच, पण अपायही होऊ शकतो. घरातला वाद ईएफवरून, म्हणजे हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्या आकड्यावरून, चालला आहे असं दिसतं. ईएफ सारखा असला तरी तो कमी होण्यामागची कारणं वेगवेगळी असतात, आणि सीआरटी त्यातल्या फक्त एका कारणावर काम करते. ते कारण ईसीजीवर दिसतं.

म्हणून आधी दोघांचे ईसीजी काढून शेजारी शेजारी ठेवा. कागदावर बारीक चौकोन असतात. कागद नेहमीच्या वेगाने चालवला असेल, म्हणजे सेकंदाला 25 मिलिमीटर, तर एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. प्रत्येक ठोक्यात एक उंच किंवा खोल टोकदार रेघ येते, तिलाच क्यूआरएस म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत वीज पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढी तिची रुंदी. मामांचा क्यूआरएस अडीच चौकोनांत संपलेला दिसेल. आईचा चार चौकोनांच्याही थोडा पुढे जाईल. आता आईच्या कागदावर व्ही-1 लिहिलेली ओळ बघा, तिथे रेघ खोल खाली गेलेली असेल. व्ही-6 किंवा नुसता एक असा रोमन आकडा असलेल्या ओळीत ती रुंद, वर गेलेली आणि माथ्यावर खाच पडलेली दिसेल. अशी ठेवण असली की तिला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजेच एलबीबीबी म्हणतात. मशीनने वर छापलेल्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तो कधी कधी दहा-वीस मिलिसेकंदांनी चुकतो, आणि क्यूआरएस सीमेवर असेल तर तेवढ्यानेही निर्णय बदलतो. आईच्या बाबतीत आकडा सीमेपासून बराच लांब आहे, तरीही डॉक्टरांनी स्वतः मोजलाय ना, हे एकदा विचारून घ्या.

निरोगी हृदयात विजेचा संदेश दोन फांद्यांतून खाली उतरतो, उजवी फांदी उजव्या कप्प्याला आणि डावी डाव्याला. डावा कप्पा हाच रक्त अंगभर ढकलतो. आईची डावी फांदी बंद पडली आहे. त्यामुळे संदेश आधी उजवीकडे जातो आणि तिथून स्नायूच्या एका पेशीतून दुसऱ्या पेशीत झिरपत झिरपत डावीकडे पोहोचतो. या वाटेने वेळ फार लागतो. परिणामी दोन कप्प्यांमधला पडदा आधी आकसतो, आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत आकसू लागते तोवर पडदा सैल पडायला लागलेला असतो. धुतलेली गोधडी दोघी जणी दोन टोकांना धरून पिळतात तेव्हा एकीने पीळ देऊन सोडला आणि मग दुसरीने सुरुवात केली, तर दोघींचे हात दुखतात पण पाणी निघत नाही. आईच्या डाव्या कप्प्याचं तसंच चाललं आहे. जोर लागतोय, पण भिंत आकसते तेव्हा रक्ताचा काही भाग पडद्यालाच पलीकडे ढकलण्यात वाया जातो. शिवाय मिट्रल झडपेला ताणून धरणारे स्नायू या भिंतींवरच असतात. ते वेळेवर आकसले नाहीत की झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे फुफ्फुसांकडे गळतं. आईच्या इकोच्या अहवालात एमआर असं लिहिलेलं असेल, तर ही गळती तीच. असं वर्षानुवर्षं चाललं की कप्पा फुगत जातो, आणि फुगलेला कप्पा आणखी दुबळा होतो.

सीआरटीने हा वेळेतला घोळ दुरुस्त होतो. एक तार उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, एक उजव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या कप्प्यात, आणि तिसरी डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला. यंत्र दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच क्षणी संदेश देतं, त्यामुळे पडदा आणि भिंत बरोबरीने आकसतात. स्नायूची ताकद यंत्र वाढवत नाही. असलेली ताकद वाया जाणं थांबतं, आणि पुढच्या काही महिन्यांत फुगलेला कप्पा हळूहळू आकसू लागतो.

आता मामांकडे येऊ. त्यांचा क्यूआरएस 104 आहे, म्हणजे दोन्ही फांद्या शाबूत आहेत आणि वीज वेळेवर पोहोचते. ईएफ कमी आहे कारण अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग मेला आणि तिथे व्रण झाला. घोळ वेळेचा नाही, म्हणून वेळ दुरुस्त करणाऱ्या यंत्राला तिथे कामच नाही. यंत्राचा संदेश तारेच्या टोकापासून पेशीपेशींतून पसरतो, निसर्गाच्या फांद्यांइतका तो वेगाने जात नाही. म्हणजे चांगली चाललेली वाट बंद करून आपण तिथे हळू वाट सुरू करतो. हे नुसतं पुस्तकी म्हणणं नाही, प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं आहे. एकोसीआरटी नावाच्या अभ्यासात क्यूआरएस 130 पेक्षा कमी, पण इकोवर भिंतींची हालचाल विस्कळित दिसणाऱ्या 809 रुग्णांना यंत्र बसवलं. निम्म्यांचं सीआरटी चालू ठेवलं आणि निम्म्यांचं बंद. फायदा दिसेना म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. 2013 साली निकाल छापून आला तेव्हा सीआरटी चालू असलेल्या गटात 45 मृत्यू होते आणि बंद असलेल्या गटात 26. आता 130 च्या आत क्यूआरएस असेल तर हृदय निकामी होण्यावर उपाय म्हणून सीआरटी करू नये, अशी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. मामांना हे सांगा, कारण आपल्याला टाळलं असं त्यांच्या मनात राहिलेलं असू शकतं.

त्यांनी वेगळा प्रश्न विचारायला हवा. अटॅकनंतर दोन वर्षांनीही, गोळ्या पूर्ण मात्रेत चालू असताना ईएफ 35 च्या खाली असेल, तर अचानक जीवघेणी लय सुरू होण्याचा धोका असतो. त्यासाठी आयसीडी, म्हणजे वेळ पडल्यास शॉक देऊन लय पूर्ववत करणारं यंत्र, लागेल का, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आयसीडी आणि सीआरटी दिसायला सारखी, बसवण्याची जागाही तीच, त्यामुळे लोकांची गल्लत होते. आयसीडी रोज काम करत नाही, ती पहारा देते. धाप तिने कमी होत नाही. शिवाय मामांचा ईसीजी वर्षातून एकदा तरी काढत जा. फांदी पुढेमागे खराब होऊ शकते, आणि क्यूआरएस रुंदावला तर त्यांचं उत्तर बदलेल.

आईच्या बाजूने किती गोष्टी आहेत तेही सांगतो. क्यूआरएस 150 च्या वर आहे, आणि ठेवण एलबीबीबीची आहे. ज्या रुग्णांत सीआरटीचा फायदा सर्वांत पक्का आहे ते हेच. ईएफ 35 किंवा त्याखाली हवा, तो आहे. लय नियमित आहे असं मी धरतो, कारण तुम्ही एएफचा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या वेड्यावाकड्या लयीचा, उल्लेख केलेला नाही. अँजिओग्राफी स्वच्छ आहे, म्हणजे अटॅकचा मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. व्रणावर तार टेकवली तर संदेश तिथून पुढे पसरतच नाही, त्यामुळे अटॅक झालेल्यांना फायदा होतो पण सरासरीने कमी होतो. आणि त्या स्त्री आहेत. बायकांचं हृदय आकाराने लहान असतं, त्यामुळे तेवढ्याच मिलिसेकंदांचा उशीर त्यांच्यात जास्त नडतो आणि तो दुरुस्त झाल्याचा लाभही जास्त दिसतो. पुरुषांपेक्षा कमी रुंदीच्या क्यूआरएसलाही स्त्रियांना गुण येतो, हे मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

गोळ्या पाच महिने देऊन मगच डॉक्टरांनी हा विषय काढला, हेही मला पटलं. किमान तीन महिने पूर्ण औषधं देऊन पुन्हा इको करावा, असाच रिवाज आहे, कारण काहींचा ईएफ गोळ्यांनीच 35 च्या वर जातो. फक्त आईच्या पिशवीतल्या गोळ्यांची नावं एकदा पडताळा. चार प्रकार असायला हवेत. बीटा ब्लॉकर, म्हणजे बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल. साक्युबिट्रिल-वलसार्टन, किंवा त्याऐवजी रामिप्रिलसारखी गोळी. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही शेवटची मधुमेहाची गोळी म्हणून ओळखली जाते, म्हणून साखर नसलेल्या रुग्णांच्या घरचे घाबरून ती बंद करतात. तसं करू नका. चारपैकी एखादी नसेल तर त्यामागे रक्तदाब, किडनी किंवा पोटॅशियमचं कारण असू शकतं, ते विचारा. पण एलबीबीबी इतका रुंद असेल तर फक्त गोळ्यांनी ईएफ फारसा वर येत नाही. 26 चा 28 होणं म्हणजे काहीच न होणं, एवढा फरक तर दोन जणांनी इको केला तरी पडतो. अशा स्थितीत आणखी वर्षभर वाट बघण्यात फायदा नाही, कारण त्या काळात कप्पा फुगतच राहील.

फायदा किती, याचा अंदाज घ्यायला 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला केअर-एचएफ हा अभ्यास आजही चांगला आहे. त्यात 813 रुग्ण होते. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि शॉक न देणारी सीआरटी. सरासरी अडीच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला तेव्हा फक्त औषधांच्या गटात शंभरातले 30 दगावले होते, सीआरटीच्या गटात 20. दवाखान्यात भरती व्हायची वेळही कमी आली आणि चालणं-फिरणं सुधारलं. आजची औषधं तेव्हापेक्षा चांगली आहेत, त्यामुळे हेच आकडे आईला जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र तीच आहे. दुसरी बाजूही ऐका. यंत्र बसवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांत नजरेत भरेल अशी सुधारणा होत नाही. आईच्या बाबतीत ही शक्यता बरीच कमी आहे, पण शून्य नाही. आणि काहींमध्ये ईएफ वाढत नाही तरी घसरणं थांबतं. ते बाहेरून अपयशासारखं दिसतं, पण यंत्र नसतं तर दोन वर्षांत काय झालं असतं ते आपल्याला दिसत नसतं.

मधल्या लोकांबद्दल थोडं, कारण हे सदर इतरही वाचतात. एलबीबीबी आहे पण क्यूआरएस 130 ते 149 आहे, तर सीआरटीचा विचार जरूर करावा, विशेषतः स्त्री असेल तर. क्यूआरएस रुंद आहे पण ठेवण आरबीबीबीची आहे, म्हणजे उजवी फांदी बंद आहे, तर डावा कप्पा बऱ्याच जणांत वेळेवरच आकसत असतो आणि फायदा डळमळीत असतो. तिथे 150 च्या वर रुंदी आणि न हटणारा त्रास असेल तरच पुढे जावं. ज्यांना आधीच साधा पेसमेकर आहे आणि त्यांचे बहुतेक ठोके त्या उजव्या तारेवरच चालतात, त्यांचा क्यूआरएस यंत्रामुळेच एलबीबीबीसारखा रुंद होतो. अशा माणसाचा ईएफ दोन-चार वर्षांत घसरला, तर तिसरी तार घालून ते यंत्र सीआरटीत बदलणं बहुधा फार उपयोगी पडतं. आपल्याकडे हे रुग्ण निसटतात. धाप लागली की पेसमेकर तर नीट चाललाय असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं आणि इको कुणी करत नाही.

आईसाठी एक निवड तुम्हाला करायची आहे, ती डॉक्टरांनी सांगितली असेलच. सीआरटी-पी नुसतं वेळ जुळवतं. सीआरटी-डी ते करून शिवाय शॉकही देऊ शकतं, पण ते मोठं असतं, बरंच महाग असतं, आणि कधी कधी गरज नसताना शॉक बसतो, तो अनुभव भयंकर असतो. अटॅक झालेल्या रुग्णाला डी ची बाजू भक्कम आहे. अटॅक न झालेल्यांत चित्र वेगळं आहे. डेन्मार्कमध्ये अशाच 1,116 रुग्णांवर झालेल्या डॅनिश नावाच्या अभ्यासात, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना सीआरटी असताना, शॉकची सोय जोडल्याने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. सत्तरीच्या आतल्यांना मात्र त्यातही काही लाभ दिसला, आणि आई 61 च्या आहेत. म्हणून मी सरसकट एक उत्तर देणार नाही. आई कधी बेशुद्ध पडल्या होत्या का, होल्टरवर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजीवर, वेगवान लय दिसली का, हृदयाच्या एमआरआयवर व्रण आहे का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का, यातलं काही असेल तर डी घ्या. यातलं काहीच नसेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर पी घेण्यात आईचं नुकसान करतोय असं मनाला लावून घेऊ नका. धाप कमी करण्याचं काम दोन्हींत सारखंच होतं. खर्चाबाबत दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, कुठल्या योजनेत काय बसतं ते त्यांना त्या दिवशीच्या नियमांप्रमाणे सांगता येतं.

प्रत्यक्ष बसवताना अवघड काम तिसऱ्या तारेचं असतं. बहुतेक वेळा डाव्या खांद्याखाली जागा बधिर करून, थोडं गुंगीचं औषध देऊन काम होतं. पहिल्या दोन तारा शिरेतून सरळ हृदयात जातात. तिसरी डाव्या कप्प्यात आत सोडत नाहीत. हृदयाचं स्वतःचं वापरलेलं रक्त गोळा करणारी एक शीर असते, कोरोनरी सायनस. तिच्यात नळी घालून, डाय सोडून तिच्या उपशिरांचा नकाशा बघतात आणि बाहेरच्या बाजूने खाली उतरणारी एखादी चांगली शीर निवडून तार तिच्यात सरकवतात. तार टोकाकडे, हृदयाच्या अगदी खालच्या शेंड्यापाशी गेली तर फायदा घटतो, म्हणून ती भिंतीच्या मधल्या भागात ठेवायचा प्रयत्न असतो. कधी योग्य शीरच नसते, कधी वळण इतकं तीव्र की तार टिकत नाही. कधी जागा उत्तम सापडते, पण तिथून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची नस जवळून जाते आणि प्रत्येक ठोक्याला उचकीसारखा झटका बसतो. म्हणून तिथेच टेबलावर जास्त व्होल्ट देऊन पाहतात आणि पोटाशी हात ठेवून झटका लागतो का ते बघतात. हल्लीच्या तारेवर चार टोकं असतात, त्यामुळे तार न हलवता दुसऱ्या टोकावरून संदेश देऊन ही अडचण अनेकदा सुटते. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. तार चार टोकांची आहे का, आणि शीर सापडली नाही तर पुढे काय. गेल्या काही वर्षांत हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या आतून थेट डाव्या फांदीच्या भागात तार रोवण्याची पद्धत वाढली आहे, लेफ्ट बंडल एरिया पेसिंग म्हणतात तिला. सीआरटी जमली नाही तर तो चांगला मार्ग आहे, आणि काही केंद्रं तो पहिल्यापासूनच वापरतात. आईसारख्या रुग्णात सीआरटीमागे वीस वर्षांचा पुरावा आहे, नव्या पद्धतीमागचा अजून गोळा होतो आहे, त्यामुळे जे तुमच्या डॉक्टरांच्या हाताला सवयीचं आहे ते करू द्या.

आधी क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण डाय किडनीवर ताण टाकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं ते लिहून घ्या. नंतर टाके भरून आले तरी काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ देऊ नका, वाळत घातलेले कपडे काढणं, वरचे डबे काढणं अगदी बंद. पहिल्या महिन्यांत तिसरी तार सरकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. जखमेची जागा लाल, गरम झाली किंवा पाणी आलं, तर घरी मलम लावत बसू नका आणि कुणालाही तिथे सुई टोचून पाणी काढू देऊ नका. यंत्राला जंतू लागले तर बहुतेक वेळा सगळं काढून टाकावं लागतं.

यंत्र काम करतंय की नाही, हे कळायला दोन सोपे पुरावे आहेत आणि ते तुम्हीही बघू शकता. पहिला ईसीजी. बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी घरी आणा. आईचा क्यूआरएस 164 वरून खाली आलेला असावा. नेहमीची सीआरटी असेल तर व्ही-1 मध्ये आधी खोल जाणारी रेघ बहुधा वर उठलेली दिसेल, आणि एक नंबरच्या ओळीत ती खाली गेलेली. हा कागद जपून ठेवा. पुढे कधी आईची धाप अचानक परत वाढली आणि नवीन ईसीजी पुन्हा सीआरटीआधीच्या कागदासारखा दिसू लागला, तर डावी तार सरकली आहे किंवा तिचा संदेश स्नायूला पकडत नाही, असा संशय घ्यायचा आणि गोळ्या वाढवण्याआधी यंत्र तपासून घ्यायचं. कित्येकदा नुसतं व्होल्टेज वाढवून किंवा तारेचं टोक बदलून काम भागतं.

दुसरा पुरावा म्हणजे तपासणीच्या वेळी कॉम्प्युटरवर येणारी टक्केवारी. आईच्या एकूण ठोक्यांपैकी किती ठोके दोन्ही बाजूंच्या तारांवर चालले, हे यंत्र मोजून ठेवतं. हा आकडा 98 च्या वर हवा. कित्येक घरांत 90 बघून छान असं म्हणतात, आणि तिथेच फसगत होते. समजा सहा महिन्यांनी आईच्या तपासणीत 87 आला आणि धापही म्हणावी तशी कमी झाली नाही. याचा अर्थ प्रत्येक आठवा ठोका जुन्या, बिघडलेल्या वाटेने जातोय. तीन कारणं शोधायची. एएफ सुरू झालं का, कारण त्यात वरून वेडेवाकडे संदेश येऊन यंत्राच्या आधी कप्प्यापर्यंत पोहोचतात. मधूनमधून जादा ठोके पडतात का, ते 24 तासांच्या होल्टरवर मोजता येतं. किंवा यंत्र वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जास्त वेळ थांबतंय, आणि तेवढ्यात आईचा स्वतःचा संदेश पुढे निसटतो. तिसरं कारण सर्वांत सोपं, तंत्रज्ञ टेबलावरच थांबण्याचा वेळ कमी करतो. जादा ठोक्यांना औषध किंवा ॲब्लेशन, म्हणजे शिरेतून नळी नेऊन ती बिघडलेली जागा निकामी करणं. एएफ आटोक्यात येत नसेल तर कधी कधी वरून येणारी वाटच ॲब्लेशनने बंद करतात, म्हणजे मग प्रत्येक ठोका यंत्राचा. हे शेवटचं मागे फिरवता येत नाही, आणि त्यानंतर माणूस पूर्णपणे यंत्रावर अवलंबून राहतो, म्हणून ते शांतपणे विचार करूनच ठरवावं.

सुधारणा कधी, असं आई विचारतीलच. काही जणांना पहिल्या आठवड्यातच रात्री सरळ झोपता येतं. ईएफमधला फरक इकोवर बघायला मात्र सहा महिने द्या, त्याआधी इको करून हिरमुसू नका. इकोमध्ये नुसता ईएफ विचारू नका, डावा कप्पा आकसल्यावर उरणारं रक्त किती, हेही विचारा. ते पंधरा टक्क्यांनी किंवा त्याहून कमी झालं असेल तर यंत्र लागू पडलं असं आम्ही मानतो.

गोळ्या बंद होणार नाहीत. सीआरटीने वेळ जुळते, पण स्नायूचा आजार तसाच असतो, आणि वर म्हटलेला प्रत्येक फायदा गोळ्यांसोबतच मोजलेला आहे. उलट एक चांगली गोष्ट होते. पूर्वी नाडी आणि रक्तदाब फार उतरतो म्हणून बीटा ब्लॉकर वाढवता येत नव्हता, तो आता वाढवता येतो, कारण नाडी यंत्र सांभाळतं. पाणी काढणारी गोळी, टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड, सूज उतरल्यावर कमी करता येते. ती तशीच चालू ठेवली तर चक्कर येते आणि क्रिएटिनिन वाढतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी वजन आणि रक्तदाबाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ईएफ अगदी पन्नासच्या वर गेला तरी बाकीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका.

बॅटरीचं आयुष्य साधारण सहा ते दहा वर्षं धरा, तार किती व्होल्टवर चालते त्यावर ते ठरतं. बदलताना सहसा फक्त डबी बदलतात, तारा त्याच राहतात. यंत्राचं कार्ड मिळेल, त्यावर कंपनी, मॉडेल आणि ते एमआरआयला चालतं की नाही हे असतं. त्याचा फोटो तुमच्या आणि आईच्या दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि पहिल्या तपासणीची तारीख घरी परतण्याआधीच घेऊन या.